निखळलेला खुबा आणि सहा तास

मानवी शरीरातील मोठ्या सांध्यांमध्ये खुब्याइतका घट्ट बांधलेला सांधा दुसरा नाही, आणि म्हणूनच तो निखळणे ही घटना कोणत्या पातळीच्या आघातानंतर घडते याचा अंदाज सांध्याच्या रचनेवरूनच येऊ शकतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते ओटीपोटाच्या हाडातील खोल उखळीत बसते. उखळीच्या काठावर कूर्चेची एक लवचीक किनार असते, तिच्यामुळे उखळ अधिक खोल होते. या सर्वांभोवती जाड तंतूंची पिशवी असते, आणि तिच्या बाहेर शरीरातील सर्वांत बलवान स्नायूंचे थर असतात. खांदा एखाद्या वाईट पडण्याने किंवा झोपेतल्या झटक्यानेही निखळू शकतो. तरुण, निरोगी माणसाचा खुबा मात्र सहसा वाहनाचा वेग, उंची किंवा अंगावर कोसळलेले ओझे यांच्याशिवाय जागा सोडत नाही. असा खुबा निखळतो तेव्हा दर दहांतील सुमारे नऊ वेळा चेंडू मागच्या बाजूला, नितंबाच्या दिशेने बाहेर पडतो, आणि या प्रकरणाचा विषय तोच प्रकार आहे.

मागच्या दिशेचे हे प्राबल्य बसण्याच्या स्थितीतून येते. मोटारीच्या पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाची मांडी कंबरेशी साधारण काटकोनात दुमडलेली असते, गुडघा डॅशबोर्डच्या समोर असतो, आणि समोरासमोर धडक बसताच शरीर पुढे सरकून गुडघा डॅशबोर्डवर आदळतो. गुडघ्यावर बसलेला धक्का मांडीच्या हाडातून, एखाद्या मुसळातून जावा तसा, सरळ मागे खुब्यापर्यंत पोहोचतो. त्या क्षणी मांडी आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या मांडीकडे झुकलेली असेल (पायावर पाय टाकून बसलेल्या माणसाची असते तशी), तर चेंडूच्या मागे उखळीच्या हाडाचा आधार कमी आणि पिशवीचा भाग जास्त असतो, आणि पिशवी फाडून चेंडू हाड न मोडता बाहेर पडतो. मांडी थोडी फाकलेली असेल तर तोच धक्का उखळीच्या मागच्या भिंतीवर बसतो आणि भिंतीचा तुकडा तोडूनच चेंडू बाहेर जातो. बसण्यातला काही अंशांचा हा फरक पुढच्या सगळ्या उपचाराची दिशा ठरवतो.

निखळल्यानंतर पाय एका ठरावीक, जवळजवळ ठाशीव स्थितीत अडकतो: मांडी किंचित दुमडलेली, आत ओढलेली, गुडघा आतल्या बाजूस वळलेला आणि बहुधा दुसऱ्या मांडीवर टेकलेला, आणि पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण वृद्ध माणूस घरात पडून खुब्याचे हाड मोडतो तेव्हा पाय आखूड होतो खरा, पण पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडते. आत वळलेला गुडघा आणि बाहेर कलंडलेले पाऊल हा भेद कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या पाहण्याने कळतो. ही खूण लपवणारी एक जागा मात्र आहे, आणि ती अनेकदा फसवते. त्याच अपघातात त्याच बाजूचे मांडीचे हाड मध्येच मोडलेले असेल, तर मोडलेल्या खालच्या भागावर आत वळण्याचा परिणाम दिसत नाही, सगळ्यांचे लक्ष मोडलेल्या हाडाकडे जाते, आणि निखळलेला खुबा काही वेळा दिवसेंदिवस तसाच राहतो. म्हणून मांडीचे हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या ओटीपोटाचा एक्स-रे काढण्याची शिस्त अस्थिशल्यशास्त्रात घालून दिलेली आहे.

पाय असा अडकून का बसतो, याचे उत्तर बोस्टनचे शल्यविशारद हेन्री जेकब बिगेलो यांनी 1869 साली प्रसिद्ध केलेल्या खुब्याच्या निखळण्यावरील ग्रंथात दिले. सांध्याच्या पुढच्या बाजूला उलट्या वाय अक्षरासारखा एक अस्थिबंध असतो, आणि तो शरीरातील सर्वांत मजबूत अस्थिबंधांपैकी एक आहे. मागची पिशवी फाटून चेंडू बाहेर पडला तरी पुढचा हा पट्टा सहसा तुटत नाही. तो बिजागरीसारखे काम करतो, मांडीला दुमडलेली आणि आत वळलेली धरून ठेवतो, आणि पाय सरळ खाली ओढला की आणखीच ताणला जातो. बिगेलोंच्या आधी अनेक शतके वैद्य निखळलेला पाय दोऱ्या आणि चरक्या लावून सरळ ओढत असत. बिगेलोंनी दाखवून दिले की मांडी आधी दुमडली की पट्टा सैल पडतो आणि मग चेंडूला परतीची वाट मोकळी होते. याच बिगेलोंनी 1846 साली इथरच्या भुलेखाली झालेल्या शस्त्रक्रियांचा पहिला वैद्यकीय वृत्तांत प्रसिद्ध केला होता, हा योगायोग मानण्यासारखा नाही, कारण सैल पट्टा आणि सैल स्नायू या दोन्हींशिवाय खुबा बसत नाही, आणि स्नायू सैल करणारी गोष्ट म्हणजे भूल.

आता घाई कशाची असते, या मुख्य प्रश्नाकडे येता येईल. वेदना हे त्या घाईचे एक कारण आहेच, पण ते सर्वांत लहान कारण आहे.

खुब्याच्या चेंडूचा बहुतेक पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो आणि कूर्चेतून रक्तवाहिन्या शिरत नाहीत. चेंडूला रक्त पोहोचवण्याचा मार्ग म्हणून फक्त त्याच्या मानेभोवतीचा भाग उरतो. मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने वळसा घालणारी एक धमनी मागच्या बाजूने वर येते, आणि तिच्या बारीक शाखा मानेवरच्या पातळ आवरणाखालून चढत जाऊन चेंडूच्या काठाशी हाडात शिरतात. प्रौढ माणसाच्या चेंडूचा बहुतांश रक्तपुरवठा या एकाच वाटेवर अवलंबून असतो. उखळीच्या तळापासून चेंडूपर्यंत जाणाऱ्या आणखी एका छोट्या बंधातून थोडेसे रक्त येते, पण प्रौढांत ते नगण्य असते आणि चेंडू निखळताना तो बंध तसाही तुटतो. चेंडू मागे फेकला गेला की मुख्य वाहिनी ताणली जाते, पिळली जाते, तिच्या भिंती आकसतात, आणि फाटलेल्या पिशवीच्या कडेवर ती दाबलीही जाऊ शकते. अशा स्थितीत वाहिनी तुटलेली नसली तरी तिच्यातून रक्त जाणे जवळजवळ थांबते, जशी बागेतली नळी कुठे तरी मुरगळली की शेवटच्या टोकाला पाणी येत नाही.

येथे एक शोध समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याने निखळण्याविषयीची कल्पनाच बदलली. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुबा मुद्दाम, शस्त्रक्रियेने निखळवून आतले दोष दुरुस्त करण्याची पद्धत बसवली आणि 2001 साली तिचा अनुभव प्रसिद्ध केला. 213 खुब्यांमध्ये चेंडू उखळीबाहेर काढण्यात आला, त्यावर काम करण्यात आले, आणि तो परत बसवण्यात आला. त्यांपैकी एकाही चेंडूचे हाड मेले नाही. याचे कारण असे की शस्त्रक्रियेत चेंडू पुढच्या दिशेने काढला जातो आणि ज्या छोट्या स्नायूमागून ती वाहिनी जाते तो स्नायू जपला जातो, त्यामुळे वाहिनी सैल राहते आणि रक्त वाहत राहते. म्हणजे चेंडू उखळीबाहेर असणे हे स्वतः हाडाला मारत नाही. वाहिनी ताणलेली किंवा दाबलेली राहिली तर हाड मरते. अपघातात निखळलेला खुबा लवकर बसवण्याचा सारा आग्रह या एका वाक्यात येतो: चेंडू परत आला की वाहिनी सुटते. वाहिनी अपघाताच्या क्षणीच फाटली असेल, तर मात्र कितीही लवकर बसवूनही ती सांधत नाही, आणि पुढे येणाऱ्या एका उदाहरणात हे दिसेल.

सुटण्यासाठी किती वेळ हातात असतो, याचे उत्तर पेशींच्या सहनशक्तीत आहे. रक्त बंद झाल्यावर हाडाच्या पोकळीतील रक्त तयार करणाऱ्या पेशी साधारण 6 ते 12 तासांत मरतात, आणि प्रत्यक्ष हाडातील पेशी 12 ते 48 तासांत. डेन्मार्कच्या हौगार्ड आणि थॉमसेन यांनी 1986 साली मागे निखळलेल्या शंभर खुब्यांचा दीर्घकालीन आढावा मांडला. त्यात सहा तासांच्या आत बसवलेल्या रुग्णांपैकी सुमारे 5 टक्क्यांच्या चेंडूचे हाड पुढे मेले, आणि सहा तासांनंतर बसवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचे. नंतरच्या अभ्यासांतील आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, काहींनी मर्यादा बारा तासांची मानली आहे, आणि सहाव्या तासाला कोणतेही दार खाडकन बंद होत नाही हेही खरे आहे. तरीही कल एकाच बाजूचा आहे, आणि व्यवहारात त्याचा अर्थ असा होतो की हा रुग्ण सकाळच्या शस्त्रक्रियेच्या यादीत लिहिण्याचा नाही, रात्री दोन वाजताही त्याला लगेच घ्यायचे असते.

दुसरी घाई मज्जातंतूची असते. सायटिक नर्व्ह, म्हणजे कंबरेतून पायाकडे जाणारी हाताच्या अंगठ्याएवढी जाड नस, ओटीपोटाच्या हाडातील खाचेतून बाहेर पडते आणि उखळीच्या मागच्या भिंतीला जवळजवळ चिकटून खाली जाते. चेंडू मागे येतो तेव्हा तो याच नसेवर येतो. निखळलेल्या सुमारे दहांपैकी एका प्रौढ रुग्णाला नसेची काही ना काही इजा होते, आणि मागची भिंत मोडलेली असेल तर प्रमाण वाढते, कारण तुटलेल्या तुकड्याची धार नसेत रुतू शकते. या नसेत दोन भाग एकत्र बांधलेले असतात, आणि इजा बहुतेक वेळा त्यांपैकी बाहेरच्या, पेरोनियल म्हणवल्या जाणाऱ्या भागालाच होते. तो चेंडूच्या अधिक समोर येतो, त्याच्या तंतूंच्या गुंडाळ्या जाड असून त्यांच्यामध्ये गादीसारखी ऊती कमी असते, आणि मुख्य म्हणजे तो वर ओटीपोटाच्या खाचेशी व खाली गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या पिंढरीच्या हाडाच्या मानेशी जखडलेला असतो, त्यामुळे ताणाला सरकून वाट देण्याची त्याला सोय नसते. हा भाग निकामी झाला की पाऊल वर उचलणारे स्नायू थांबतात आणि पाऊल लोंबू लागते. चालताना रुग्ण पायरी चढत असल्यासारखा गुडघा उंच उचलतो आणि पाऊल जमिनीवर थापकन पडते.

नसेची तपासणी करायला अर्धा मिनिट पुरतो आणि ती चुकवली तर नंतर भरून काढता येत नाही. रुग्णाला पायाचा अंगठा वर उचलायला सांगायचे, मग पाऊल वर ओढायला आणि खाली दाबायला सांगायचे, आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्यामधल्या बेचक्यात स्पर्श कळतो का ते पाहायचे. अंगठा वर होत नसेल आणि बेचका बधिर असेल तर बाहेरचा भाग दुखावला आहे. पाऊल खाली दाबणेही बंद असेल तर पूर्ण नस. ही नोंद भूल देण्याआधी कागदावर वेळेसह उतरली पाहिजे, कारण बसवताना नस सांध्यात अडकण्याची दुर्मीळ पण भयंकर शक्यता असते, आणि आधी चालू असलेली नस नंतर बंद पडली हे ज्याला ठाऊकच नाही, तो लगेच सांधा उघडून पाहण्याचा निर्णय घेऊ शकत नाही.

या सगळ्या गोष्टी एका रुग्णाच्या बाबतीत क्रमाने कशा घडतात हे पाहण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेता येईल. तीस वर्षांचा एक पुरुष, पुढच्या आसनावर, सीट बेल्ट न लावता बसलेला, रात्री अकराच्या सुमारास महामार्गावर त्याची मोटार थांबलेल्या ट्रकच्या मागे आदळते. 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने तो सव्वाबारा वाजता तालुक्याच्या गावातील रुग्णालयात पोहोचतो. शुद्धीवर आहे, उजव्या गुडघ्यावर खरचटलेले आहे, गुडघा आत वळून डाव्या मांडीवर टेकलेला आहे, आणि पाय सरळ करू पाहताच तो किंचाळतो. आधी श्वास, रक्तस्राव, डोके आणि पोट पाहिले जाते, कारण डॅशबोर्डवर गुडघा आदळवणारा धक्का इतरत्रही पोहोचलेला असू शकतो. गुडघ्यावरचा ओरखडा हा धक्का कुठून आत शिरला याचा पुरावा असल्याने गुडघ्याची वाटी आणि आतला मागचा अस्थिबंधही तपासला जातो. मग पायाचा अंगठा: तो वर उचलला जात नाही, बेचका बधिर आहे, पण पाऊल खाली दाबता येते. वेळ लिहिली जाते, 12.25.

ओटीपोटाच्या समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये उजवा चेंडू उखळीच्या वर सरकलेला दिसतो, आणि तो डाव्यापेक्षा लहान दिसतो. दोन्ही चेंडू अर्थातच सारखेच असतात; पण किरण समोरून येतात आणि फिल्म पाठीखाली असते, त्यामुळे मागे गेलेला चेंडू फिल्मच्या जवळ जाऊन त्याची सावली कमी मोठी पडते, आणि पुढे निखळलेला असता तर ती मोठी पडली असती. त्याच चित्रात चेंडूची मान मोडलेली नाही ना, हे शोधून पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते. मानेत बारीकशी भेग असलेला पाय ओढला तर भेग उघडून चेंडू मानेपासून सुटतो, आणि बसवता येण्याजोगी इजा उघड्या शस्त्रक्रियेशिवाय न सुटणारी होऊन बसते. या रुग्णाची मान शाबूत आहे.

येथे खरा निर्णय येतो: जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचे की येथेच बसवायचे. तिथवर जाण्यात, पुन्हा नाव नोंदवून पुन्हा एक्स-रे होण्यात, भूलतज्ज्ञाची वाट पाहण्यात पहाट उजाडणार असेल, आणि येथे भूलतज्ज्ञ व बसवण्याचा सराव असलेला डॉक्टर मिळत असेल, तर येथेच बसवणे आणि मग पुढे पाठवणे हे रुग्णाच्या हिताचे आहे. रात्री गावात अशी सोय नसते तेव्हा पाठवावेच लागते, पण तेव्हा पुढच्या रुग्णालयाला फोन करून शस्त्रक्रियागृह तयार ठेवायला सांगणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. दुसरीकडे, खुबा “उतरला आहे” असे म्हणून हाडवैद्याकडे नेऊन मालिश करवणे किंवा जागेपणी ओढून पाहणे यात हे तास वाया जातात आणि मोडलेली मान ओळखण्याची संधीही जाते, त्यामुळे त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे.

रुग्णाला पूर्ण भूल दिली जाते आणि स्नायू सैल करणारे औषध दिले जाते. कमरेतून दिलेल्या भुलेनेही स्नायू सैल पडतात, पण मग पाय कित्येक तास बधिर राहतो आणि बसवल्यानंतरची नसेची तपासणी पुढे ढकलावी लागते, म्हणून या रुग्णासाठी पूर्ण भूल निवडलेली बरी. नंतर ऑस्कर ॲलिस यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरली जाते. रुग्ण उताणा असतो, आणि बसवणारा डॉक्टर टेबलावर चढून त्याच्या पायाशी उभा राहतो किंवा रुग्णालाच जमिनीवर गादीवर ठेवले जाते, कारण ओढ वरच्या दिशेने लावायची असते. मदतनीस दोन्ही हातांनी ओटीपोटाची पुढची टोके खाली दाबून धरतो. गुडघा काटकोनात दुमडला जातो, मांडी हळूहळू वर उचलून तीही काटकोनाजवळ आणली जाते, आणि मांडीच्या रेषेत सावकाश, न थांबता, वाढत जाणारी ओढ दिली जाते. ओढ तशीच ठेवून मांडी किंचित आत-बाहेर फिरवली जाते. झटका द्यायचा नसतो, आणि मांडीला तरफेसारखी वापरून मोठे फेरे द्यायचे नसतात, कारण अशा फेऱ्यांनी मान मोडते. स्नायू दमून सैल पडेपर्यंत धरून राहण्याची चिकाटी लागते. मग हाताला एक जड, खोल ठोका जाणवतो, बहुधा खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि मांडी आपोआप मोकळी होऊन सरळ पडते. घड्याळात 1.50 झालेले आहेत. अपघाताला तीन तासही झालेले नाहीत.

भुलेखाली दोन-तीन प्रयत्नांत चेंडू बसला नाही तर तिसऱ्यानंतर चौथा प्रयत्न करायचा नसतो, कारण अशा वेळी आत काही तरी वाट अडवून असते: फाटलेल्या पिशवीचे छिद्र चेंडूच्या मानेभोवती काजाप्रमाणे आवळलेले असते, एखादा स्नायू मध्ये आलेला असतो, किंवा उखळीचा तुकडा आत पडलेला असतो. जास्त जोर लावल्याने अडसर हटत नाही, कूर्चा मात्र खरवडली जाते. मग सांधा उघडावा लागतो, आणि तोही त्याच रात्री.

चेंडू बसल्यावर काम संपत नाही. नवा एक्स-रे काढून दोन्ही बाजूंच्या सांध्यातली फट सारखी आहे का ते पाहिले जाते, आणि नंतर सीटी स्कॅन केला जातो, कारण दोन मिलिमीटरचा मोकळा तुकडाही सांध्यात राहिला तर तो चालताना प्रत्येक पावलाला कूर्चा खरवडतो, आणि एक्स-रेमध्ये असे तुकडे सहज लपतात. मागच्या भिंतीचा मोठा भाग मोडलेला असेल तर चेंडू पुन्हा निसटू शकतो आणि भिंत स्क्रू-पट्टीने बसवावी लागते. या रुग्णाच्या स्कॅनमध्ये तुकडा नाही, फट सारखी आहे, भिंतीला फक्त काठाचा लहानसा टवका आहे. पूर्वी अशा रुग्णाला सहा आठवडे वजन लावून ट्रॅक्शनमध्ये झोपवून ठेवत, आणि अजूनही काही ठिकाणी ठेवतात. पण त्याने हाड मरणे टळते असे दिसलेले नाही, आणि स्नायू मात्र वाळतात. त्याऐवजी कुबड्यांवर, पायाला हलकासा स्पर्श करत चालणे, आणि सहा आठवडे खाली मांडी घालून न बसणे, उकिडवे न बसणे, पायावर पाय न टाकणे असे बंधन असते. महाराष्ट्रातील घरांत जेवण, पूजा आणि शौचाची बैठक या तिन्ही गोष्टी याच बंधनात येतात, त्यामुळे घरी सोडताना हे एकेक करून सांगितले नाही तर खुर्चीवर बसायला सांगितलेला माणूस दुसऱ्याच दिवशी पाटावर बसलेला आढळतो.

भूल उतरल्यावर पुन्हा अंगठा तपासला जातो. तो अजून वर होत नाही, पण पाऊल खाली दाबणे तसेच चालू आहे, म्हणजे बसवताना नवी इजा झालेली नाही. अशा नसेच्या बाबतीत पुढचे दिवस वाट पाहण्याचे असतात. नस नुसती दाबली गेली असेल तर दाब जाताच काही आठवड्यांत ती चालू होते. तिच्या आतले तंतू तुटले असतील, पण बाहेरची नळी शाबूत असेल, तर तंतू रोज साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढत खाली जातात, आणि खुब्यापासून पाऊल उचलणाऱ्या स्नायूपर्यंतचे अंतर अर्धा मीटरच्या आसपास असल्याने हिशेबाने दीड वर्ष लागू शकते. तोपर्यंत पाऊल लोंबू नये म्हणून हलकी पट्टी बुटात बसवली जाते, घोटा ताठ होऊ नये म्हणून रोज हाताने हलवला जातो, आणि सुमारे तीन-चार आठवड्यांनी स्नायूंची विद्युत तपासणी केली जाते, कारण त्याआधी ती अपुरी माहिती देते. अशा रुग्णांपैकी साधारण दोनतृतीयांशांना काही अंशी तरी सुधारणा होते. उरलेल्यांना पट्टीवर किंवा पुढे स्नायूची दोरी दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रियेवर अवलंबून राहावे लागते. उदाहरणातील रुग्णाचा अंगठा सातव्या आठवड्यात थरथरतो, आणि सहाव्या महिन्यापर्यंत पट्टी सुटते.

नसेची इजा पहिल्या दिवशीच दिसते. चेंडूच्या हाडाची मात्र महिनोन्महिने दिसत नाही. रक्तपुरवठ्याअभावी हाडाचा मृत्यू, अर्थात अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, हा शब्द कोविडनंतरच्या काळात स्टेरॉइडच्या संदर्भात एव्हीएन या नावाने मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. अपघातानंतरचे एव्हीएन त्याच चेंडूत, पण वेगळ्या कारणाने घडते. पेशी पहिल्या दोन दिवसांत मेल्या तरी हाडाचा सांगाडा तसाच मजबूत राहतो, रुग्ण चालू लागतो, एक्स-रे स्वच्छ असतो, आणि सगळ्यांना वाटते की निभावले. संकट सुरू होते ते शरीर दुरुस्तीला लागल्यावर. जिवंत हाडाकडून नव्या रक्तवाहिन्या मेलेल्या भागात शिरतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पेशी जुने हाड कुरतडून नवे घालू लागतात; कुरतडणे लवकर होते आणि घालणे सावकाश होते. जुन्या घराचे वासे बदलताना कुजलेला वासा काढून टाकला आणि नवा बसण्याआधीच छपरावर भार आला, तर जे होते तेच येथे होते: कूर्चेच्या लगत खालचे हाड चिरते, एक्स-रेमध्ये चंद्रकोरीसारखी काळी रेघ दिसते, आणि नंतर गोल चेंडू चपटा होतो. हे साधारण पहिल्या दोन वर्षांत दिसून येते, क्वचित त्यानंतरही.

काळ महत्त्वाचा आहे, पण काळ सगळे ठरवत नाही, हे अमेरिकेतील दोन खेळाडूंच्या सर्वज्ञात दुखापतींतून दिसते. 13 जानेवारी 1991 रोजी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात धावताना बो जॅक्सन या खेळाडूला मागून पकडण्यात आले आणि त्याचा डावा खुबा निखळून जागेवर आला. खुबा आपणच परत बसवला असे त्याने नंतर सांगितले आहे. म्हणजे चेंडू बाहेर राहिला तो अगदी थोडा वेळ. तरीही पुढच्या काही महिन्यांत त्याच्या चेंडूचे हाड मेल्याचे आढळले, आणि 1992 मध्ये, तिशी गाठण्याआधी, त्याला कृत्रिम सांधा बसवावा लागला. 1993 मध्ये तो त्या सांध्यासह बेसबॉलला परतला, पण फुटबॉल संपले. त्या मानाने 16 नोव्हेंबर 2019 रोजी टुआ टागोवायलोआ या महाविद्यालयीन खेळाडूचा उजवा खुबा मागची भिंत मोडून निखळला, चेंडू त्याच दिवशी तातडीने बसवण्यात आला, दोन दिवसांनी भिंत शस्त्रक्रियेने जोडण्यात आली, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तो व्यावसायिक सामन्यात उतरला. या दोघांमधला फरक तासांचा नव्हता; पहिल्याच्या बाबतीत आघाताच्या क्षणीच वाहिन्यांना जी इजा झाली असावी ती कोणत्याही घाईने परत आणता आली नसती. लवकर बसवल्याने धोका कमी होतो, तो शून्य होत नाही, आणि म्हणूनच वेळेत बसवलेल्या रुग्णालाही पुढची दोन वर्षे बोलावत राहावे लागते.

बोलावल्यावर पाहायचे काय, हे साधे आहे. पहिली तक्रार बहुधा जांघेत येते, नितंबात नव्हे. जांघेतली खोल कळ चालताना वाढते, कधी ती गुडघ्यातच जाणवते आणि लोक गुडघ्याचा एक्स-रे काढून घेतात. उताणे झोपवून मांडी व गुडघा दुमडून पाऊल बाहेरच्या बाजूला नेले की मांडी आत वळते. हे आतले वळणे दुसऱ्या बाजूपेक्षा कमी झाले असेल किंवा दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी एमआरआय काढावा, कारण हाड मेल्याची खूण एमआरआयवर एक्स-रेच्या कित्येक महिने आधी उमटते. अनेक शल्यविशारद तक्रार नसतानाही साधारण तीन महिन्यांच्या सुमारास एक एमआरआय काढून ठेवतात. चेंडू अजून गोल असेल तर आतल्या मेलेल्या भागापर्यंत छिद्र पाडून दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया काही रुग्णांत उपयोगी पडते. चेंडू एकदा चपटा झाला की ती व्यर्थ ठरते आणि कृत्रिम सांधाच उरतो, जो सत्तरीच्या माणसाला आयुष्यभर पुरतो, पण तिशीतल्या माणसाला पुढे कधी तरी पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी असते.

उदाहरणातील रुग्णाचा तिसऱ्या महिन्यातील एमआरआय स्वच्छ निघतो. अठराव्या महिन्यात तो पुन्हा तपासणीला येतो तेव्हा त्याला पाटावर बसता येते, जांघेत कळ नाही, आणि उजवी मांडी डावीइतकीच आत वळते. त्याच्या कागदावर पहिल्या रात्रीच्या दोन वेळा शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत, अपघात 11.00 आणि सांधा बसला 1.50, आणि पुढच्या भेटीसाठी आणखी सहा महिन्यांची तारीख दिली जाते.